‘पुरावा आढळला नाही’ असं लिहिण्याआधी: ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याचं पत्र कसं लिहावं

कंपनीकडून ग्राहकांची माहिती बाहेर गेली की कोणाला तरी एक पत्र लिहावं लागतं. बहुतेक वेळा ते काम अशा माणसाकडे येतं ज्याने असं पत्र आधी कधी लिहिलेलं नसतं. तो गुगलवरून एखादा नमुना घेतो, त्यात नाव बदलतो, आणि पत्रात एक वाक्य हमखास येतं: ‘आपल्या माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही.’ हे वाक्य खरं असू शकतं, अर्धवट असू शकतं किंवा निव्वळ दिशाभूल असू शकतं. वाचणाऱ्याला यातलं काय आहे ते कळायला मार्ग नसतो. पत्र लिहिणाऱ्याला मात्र ते कळलंच पाहिजे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण रचून घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. तालुक्याच्या गावात चार शाखा असलेली एक पॅथॉलॉजी लॅब आहे. रुग्णाला मोबाइलवर लिंक जाते, तो ओटीपी टाकतो आणि रिपोर्टची पीडीएफ उघडते. ३ मार्चला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने नवीन आवृत्ती बसवली. २१ एप्रिलला सकाळी एका रुग्णाचा फोन आला: ‘लिंकच्या शेवटचा आकडा चुकून बदलला गेला, तर दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट उघडला. ओटीपी मागितलाच नाही.’ लॅबने तासाभरात लिंक बंद केल्या. आता पत्र लिहायचं आहे.

आधी नोंदी जपा, मग कागद उघडा

सर्व्हरवर कोणती फाइल कधी आणि कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या कोणत्या क्रमांकावरून, उघडली याची नोंद होत असते. तिला लॉग म्हणतात. या लॅबच्या सर्व्हरवर लॉग तीस दिवस राहतो, त्यापुढचा आपोआप पुसला जातो. म्हणजे २१ एप्रिलला हातात २२ मार्चपासूनच्या नोंदी आहेत. लॅबने चार दिवस ‘आधी वकिलांशी बोलू’ म्हणत घालवले, तर २२ ते २५ मार्चच्या नोंदीही जातील. पत्रात जे खात्रीने लिहिता आलं असतं ते तेवढ्याने कमी होईल. म्हणून पहिल्या तासात लॉगची प्रत वेगळ्या जागी काढून ठेवायला सांगा. तुम्ही तांत्रिक माणूस नसलात तरी सांगा, कारण नंतर पत्राचं प्रत्येक वाक्य त्या प्रतीवरच उभं राहणार आहे.

दुसरं काम म्हणजे बाहेर जाऊ शकणारी फाइल स्वतः उघडून पाहणं. सॉफ्टवेअरवाला सांगेल, ‘रिपोर्टमध्ये फक्त नाव, वय आणि निकाल असतो.’ त्याच्या शब्दावर पत्र लिहू नका. वेगवेगळ्या शाखांचे, वेगवेगळ्या प्रकारचे वीस-पंचवीस रिपोर्ट उघडा. आपल्या उदाहरणात असं निघतं की साध्या रिपोर्टवर नाव, वय, लिंग, मोबाइल नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि निकाल आहे. मात्र घरी येऊन रक्त नेलेल्या रुग्णांच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात घराचा पूर्ण पत्ताही छापलेला आहे. हे लक्षात आलं नसतं, तर एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजींना ‘तुमचा पत्ता सुरक्षित आहे’ असं पत्र गेलं असतं.

या दोन्ही कामांतून एक कागद तयार करा. प्रत्येक ओळीत एक गोष्ट लिहा, तिच्यापुढे ती आपल्याला कशावरून कळली ते लिहा, आणि कळलेली नसेल तर ‘माहीत नाही, कारण अमुक’ असं लिहा. ‘कशावरून’चा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पत्रात जाणार नाही. अंदाज पत्रात शिरतो तो बहुतेक वेळा कोणीतरी मीटिंगमध्ये सहज बोललेल्या वाक्यातून. हा रकाना त्याला तिथेच अडवतो.

नोंदी काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत

आता लॉग वाचू. ९ एप्रिलला पहाटे एक ते तीनच्या दरम्यान एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून ४१२ रिपोर्ट ओळीने डाउनलोड झाले आहेत. क्रमांक एकेकाने वाढत गेले आहेत. कोणी रुग्ण स्वतःचा रिपोर्ट असा उघडत नाही. तेव्हा हे ४१२ रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती गेले हे खात्रीने म्हणता येतं. ते कोण होतं हे मात्र सांगता येत नाही, कारण आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे माणूस नव्हे. त्यामागे चोर असेल, कुतूहलाने करून पाहणारा विद्यार्थी असेल किंवा आपोआप चालणारा एखादा प्रोग्रॅम असेल. म्हणून पत्रात ‘हॅकर’, ‘सायबर गुन्हेगार’, ‘चोरी’ हे शब्द नकोत. ‘चोरी’ म्हटलं की हेतू ठरवला जातो आणि तो आपल्याला माहीत नाही. ‘सायबर हल्ला’ तर मुळीच नको. दार आपणच उघडं ठेवलं होतं, कोणी फोडलेलं नाही.

उरलेल्या रिपोर्टांचं काय? इथेच बहुतेक पत्रं घसरतात. लॉगमध्ये असा ओळीने डाउनलोड झाल्याचा दुसरा प्रकार दिसत नाही, हे खरं आहे. पण एखाद्याने आकडा बदलून शेजारच्या बाईंचा एकच रिपोर्ट पाहिला असेल, तर लॉगमध्ये तो त्या बाईंनी स्वतः उघडल्यासारखाच दिसतो. दोन्ही ठिकाणी एक आयपी अ‍ॅड्रेस आणि एक फाइल. फोन करणाऱ्या त्या रुग्णाने पाहिलेला रिपोर्टही आपल्याला कळला तो त्याने सांगितला म्हणून. आणि ३ ते २१ मार्च या एकोणीस दिवसांची नोंदच शिल्लक नाही. त्या दिवसांबद्दल ‘पुरावा आढळला नाही’ म्हणणं म्हणजे डोळे मिटून ‘मला कोणी दिसलं नाही’ म्हणण्यासारखं आहे.

तेव्हा ग्राहकांचे तीन गट पडतात आणि पत्रंही तीन लागतात. पहिल्या गटाचे रिपोर्ट डाउनलोड झाले आहेत. दुसऱ्या गटाचे रिपोर्ट २२ मार्चला किंवा नंतर तयार झाले, म्हणजे त्यांचा सगळा काळ नोंदीत आहे. तिसऱ्या गटाचे रिपोर्ट त्याआधीचे आहेत, म्हणजे त्यांच्या काही दिवसांची नोंदच नाही. सगळ्यांना एकच गोलमाल पत्र पाठवलं की पहिल्या गटाला खरा धोका कळत नाही आणि दुसरा गट गरजेपेक्षा जास्त घाबरतो.

तिसऱ्या गटासाठीचं वाक्य मी असं लिहीन: ‘२२ मार्च ते २१ एप्रिल या काळातल्या नोंदी आम्ही तपासल्या. त्यात बरेच रिपोर्ट एकदम डाउनलोड झाल्याची एक घटना दिसली, तिच्यात तुमचा रिपोर्ट नव्हता. पण कोणी तुमचा एकटाच रिपोर्ट उघडला असेल, तर ते नोंदींवरून ओळखता येत नाही. ३ ते २१ मार्चच्या नोंदी आमच्याकडे उरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत तुमचा रिपोर्ट कोणी पाहिला का, हे आम्ही सांगू शकत नाही.’

हे वाक्य वाचून मालक अस्वस्थ होतात, हे मला माहीत आहे. ‘सांगू शकत नाही’ कशाला लिहायचं, असं विचारतात. पण ‘माहीत नाही’ हा अंदाज नसतो. आपल्याला नेमकं काय माहीत नाही आणि का नाही, हे कारणासह लिहिणं ही अचूक माहितीच असते. अंदाज म्हणजे ‘बहुधा कोणी पाहिला नसावा’ आणि ‘बहुधा टोळीचं काम असावं’. दोन्ही सारखेच काढून टाका, दिलासा देणाराही आणि भीती घालणाराही.

कायदा काय मागतो

भारतात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीच्या गळतीबद्दलचा नियम ७ प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहे. पत्र मात्र आजच त्या साच्यात लिहावं, कारण साचा चांगला आहे. ज्याची माहिती गेली त्याला विनाविलंब, थोडक्यात आणि साध्या भाषेत पाच गोष्टी कळवायच्या असतात: काय, कधी आणि किती प्रमाणात झालं, त्याचे त्याच्यावर कोणते परिणाम होऊ शकतात, आपण काय केलं आणि करत आहोत, त्याने स्वतःला सांभाळण्यासाठी काय करावं, आणि उत्तर देऊ शकेल अशा माणसाचा संपर्क. गळती कळवली नाही तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मुदतींचा मोठा घोळ होतो, म्हणून वेगळं सांगतो. सर्ट-इन ही सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते. नव्या नियमांत ७२ तास आहेत ते डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती देण्यासाठी. ग्राहकासाठी तासांचा आकडा नाही, ‘विनाविलंब’ एवढाच शब्द आहे. ७२ तास आहेत म्हणून ग्राहकाला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचं, असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या गटाची यादी तयार झाली की त्यांचं पत्र त्याच दिवशी जावं.

आणखी एक गोष्ट. सॉफ्टवेअर पुरवठादाराची चूक असली तरी कायद्याने जबाबदारी लॅबचीच राहते. रुग्णाने रक्त आणि नंबर लॅबला दिले होते, पुरवठादाराचं नावही त्याने ऐकलेलं नसतं. पत्रात पुरवठादाराकडे बोट दाखवणारा परिच्छेद घालू नका. तो वाद करारावर चालेल.

पत्र

सुरुवात ‘आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे’ अशी करू नका. ज्याचा रिपोर्ट बाहेर गेला आहे त्याला हे वाक्य टोचतं, आणि मोबाइलवर वाचणारा पुढचं वाचतच नाही. पहिल्याच वाक्यात त्याच्या माहितीचं काय झालं ते यावं. पहिल्या गटासाठीचं पत्र असं होईल:

विषय: तुमचा रिपोर्ट दुसऱ्या कोणीतरी डाउनलोड केला आहे

२३ एप्रिल

नमस्कार,

९ एप्रिलला पहाटे एक ते तीनच्या दरम्यान आमच्या सर्व्हरवरून ४१२ रिपोर्ट एका अनोळखी इंटरनेट जोडणीवरून डाउनलोड झाले. त्यात तुमचा १४ मार्चचा रिपोर्ट होता. ते कोणी केलं हे आम्हाला आज माहीत नाही.

हे कसं झालं: ३ मार्चला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला. त्यानंतर लिंकमधला क्रमांक बदलला की ओटीपी न मागता दुसऱ्याचा रिपोर्ट उघडत होता. ही चूक आमच्याकडून झाली. २१ एप्रिलला एका रुग्णाने सांगितल्यावर ती आम्हाला कळली.

त्या रिपोर्टवर तुमचं नाव, वय, लिंग, मोबाइल नंबर, डॉक्टरांचं नाव, घराचा पत्ता आणि तपासणीचा निकाल आहे. आधार क्रमांक, बँकेची किंवा कार्डाची माहिती त्यावर नाही.

आम्ही काय केलं: २१ एप्रिलला सकाळी ११.४० वाजता सर्व लिंक बंद केल्या. रिपोर्ट सध्या फक्त शाखेत ओळख पाहून हातात दिले जातात. सर्ट-इनला २१ एप्रिललाच कळवलं आहे.

तुम्ही काय करावं: ज्याच्या हाती हा रिपोर्ट आहे तो तुम्हाला फोन करून तुमच्या तपासणीबद्दल बरोबर माहिती सांगू शकतो आणि लॅबमधून, दवाखान्यातून किंवा विमा कंपनीतून बोलतो असं म्हणू शकतो. असा फोन आला तर पैसे, ओटीपी किंवा कागदपत्रं देऊ नका. फोन ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांच्या नेहमीच्या नंबरवर खात्री करा. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. आम्ही या संदर्भात तुमच्याकडे कधीही पैसे किंवा ओटीपी मागणार नाही.

विचारायचं असेल तर: अमुक (पद), तुमच्या जुन्या पावतीवर छापलेला लॅबचा नंबर, सकाळी ८ ते रात्री ८.

झाल्या प्रकाराबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.

पत्र संपलं. आता त्यातल्या काही निवडींबद्दल बोलतो.

‘ही चूक आमच्याकडून झाली’ हे वाक्य वकील काढायला सांगतील. त्यांचं ऐकावं लागलं तर काढा, पण त्या जागी ‘तांत्रिक बिघाडामुळे असे घडल्याचे आढळून आले आहे’ हे घालू नका. मराठीत ‘आढळून आले’, ‘निदर्शनास आले’, ‘सदर’ आणि ‘उक्त’ यांच्या आड कर्ता हमखास लपतो. कोणी काय केलं ते प्रत्येक वाक्यात दिसलं पाहिजे. मग माफीचं वाक्य एक असलं तरी पुरतं.

परिणामांबद्दल लिहिताना अंदाज करावा लागतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बाहेर गेलेल्या माहितीने काय करता येतं एवढंच लिहायचं. नाव, नंबर आणि निकाल हाती असेल तर खरा वाटेल असा फोन करता येतो. हे त्या माहितीच्या स्वरूपातूनच निघतं. ‘तुमची फसवणूक होण्याची दाट शक्यता आहे’ हा मात्र अंदाज झाला. सल्लाही त्याच माहितीशी जुळणारा द्या. पासवर्ड गेलेलाच नाही तर ‘पासवर्ड बदला’ लिहिलं की माणसाला वाटतं, पासवर्डही गेला.

पत्रात तपासणीचं नाव नाही, फक्त तारीख आहे. हे मुद्दाम केलं आहे. आपल्याकडे एक मोबाइल नंबर घरात तिघं वापरतात. पुष्कळदा रिपोर्टवर मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर असतो. गर्भारपणाची किंवा एचआयव्हीची तपासणी पत्रात लिहिली, तर घरातल्याच माणसाला ती आपण कळवली असं होईल. एचआयव्हीबद्दल गुप्तता पाळणं २०१७ च्या कायद्याने स्वतंत्रपणे बंधनकारक आहे. एसएमएस पाठवायचा तर त्यात ‘लॅबकडून महत्त्वाची सूचना, पावतीवरच्या नंबरवर फोन करा’ एवढंच लिहा. लिंक देऊ नका. बनावट एसएमएसही हुबेहूब तसाच दिसतो, आणि लोकांना अशी लिंक दाबायची सवय आपणच लावू नये.

‘निकालात फेरफार तर झाला नाही ना?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार. त्या लिंकवरून फाइल फक्त वाचता येत होती की बदलताही येत होती, हे सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या, आणि शंभर-दीडशे पीडीएफ मूळ मशीनच्या निकालांशी ताडून पाहा. ताडून झालं असेल तरच ‘निकाल बदललेले नाहीत’ असं लिहा. झालं नसेल तर ‘तपासत आहोत, ३० एप्रिलपर्यंत कळवू’ असं लिहा आणि ती तारीख पाळा.

पाठवण्याच्या दिवशी

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे ईमेल पाठवताना सगळे पत्ते एकाच ओळीत टाकणं. मग प्रत्येकाला बाकीच्या रुग्णांचे ईमेल दिसतात आणि दुसरी गळती होते. दुसरी चूक एक्सेलमधली आहे. एका रकान्याची क्रमवारी बदलली आणि शेजारचा रकाना तसाच राहिला, तर एकाच्या नावाने दुसऱ्याच्या रिपोर्टची तारीख जाते. म्हणून पाठवण्याआधी तयार पत्रांतली वेगवेगळ्या ठिकाणची दहा-पंधरा काढा आणि नाव, तारीख, गट आणि पत्ता असलेला-नसलेला परिच्छेद मूळ रिपोर्टशी जुळवून बघा. आपल्या पत्रातलं ‘घराचा पत्ता’ फक्त घरी रक्त दिलेल्यांच्या पत्रात जायला हवं.

मग पत्र काउंटरवरच्या मुलीला मोठ्याने वाचायला द्या. ती जिथे अडखळेल ते वाक्य मोडून लिहा. उद्या फोनवर तीच उत्तरं देणार आहे. तिच्याकडे तीन गटांची यादी आणि तुमचा तो ‘कशावरून’वाला कागद असू द्या. कोणी विचारलं, ‘माझा रिपोर्ट नक्की कोणी बघितला नाही ना?’ तर दयेपोटी ‘नाही हो, काळजी करू नका’ असं तिच्या तोंडून निघू शकतं. तिला आधीच सांगून ठेवा की पत्रात जेवढं आहे तेवढंच बोलायचं. फोनवर बोलणारा माणूस स्वतः रुग्ण आहे का, हे जन्मतारीख आणि पावती क्रमांक विचारून पाहायचं, मगच कोणत्या गटात आहे ते सांगायचं.

नंतर नवीन काही कळलं तर

समजा, आठवड्याने सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे ३ ते २१ मार्चच्या नोंदींची जुनी प्रत निघाली, आणि तिच्यात १७ मार्चला आणखी नव्वद रिपोर्ट ओळीने डाउनलोड झालेले दिसले. तिसऱ्या गटातल्या त्या लोकांना आपण ‘सांगू शकत नाही’ असं लिहिलं होतं. ते त्या दिवशी खरं होतं, म्हणून आज मागे घ्यावं लागत नाही. ‘पुरावा नाही’ लिहिलं असतं तर आज शब्द गिळावे लागले असते. दुसरं पत्र पहिल्याचा उल्लेख करून, नवीन तारखेने पाठवा. वेबसाइटवरची जुनी सूचना गुपचूप बदलू नका, तिच्याखाली नवीन जोडा. पत्राची सुरुवात अशी: ‘२३ एप्रिलच्या पत्रात आम्ही लिहिलं होतं की ३ ते २१ मार्चच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. त्या नोंदींची प्रत आम्हाला २९ एप्रिलला मिळाली. तीवरून कळलं की १७ मार्चला डाउनलोड झालेल्या रिपोर्टांत तुमचा रिपोर्ट होता. तो कोणी डाउनलोड केला, हे आम्हाला अजून माहीत नाही.’